भाडे की खरेदी : दहा वर्षांचा वर्तमानमूल्य हिशेब

एकाच घरात दहा वर्षे भाड्याने राहणे आणि तेच घर विकत घेऊन दहा वर्षांनी विकणे, या दोन पर्यायांचा खर्च आजच्या रुपयांत मांडून ताडून पाहण्याची पद्धत. भाड्याची रक्कम आणि कर्जाचे हप्ते नुसते बेरजेने ताडणे चूक ठरते, कारण आज दिलेला रुपया आणि दहा वर्षांनी मिळणारा रुपया सारखा नसतो. व्याजदर ८ टक्के धरला तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत सुमारे ४६,३०० रुपये होते. प्रत्येक रक्कम अशी आजच्या किमतीत आणायची, मगच बेरीज करायची.

```
वर्तमानमूल्य = रक्कम ÷ (1 + दर)^वर्षे
```

उदाहरणासाठी रत्नागिरी शहरातला एक फ्लॅट घेऊ. पुढचे सर्व आकडे गृहीत आहेत आणि ते आधी उघड मांडणे हा या पद्धतीचा निम्मा भाग आहे. किंमत ४० लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के आणि नोंदणी फी ३०,००० धरून वर २.७ लाख. अशाच फ्लॅटचे भाडे महिना १०,००० आणि अनामत ५०,०००. लिव्ह अँड लायसन्सचा करार सहसा ११ महिन्यांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढते, म्हणून वाढ वर्षाला ५ टक्के. सोसायटी, घरपट्टी आणि डागडुजी मिळून मालकाला पहिल्या वर्षी ४०,००० आणि पुढे त्यातही तीच वाढ. फ्लॅटचा भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो, विकताना २ टक्के दलाली जाते. सोयीसाठी वर्षाचा खर्च वर्षअखेरीस धरला आहे, आयकर बाजूला ठेवला आहे.

८ टक्के दराने पहिल्या वर्षाच्या १,२०,००० रुपये भाड्याची आजची किंमत १,११,१०० रुपये येते. दहाव्या वर्षी भाडे १.८६ लाखांवर गेलेले असते, तरी आजच्या किमतीत ते केवळ ८६,२०० भरते. दहा वर्षांचे मिळून ९.८ लाख आणि अनामत बिनव्याजी अडकून पडल्याचे २७,००० धरले की भाड्याचा एकूण बोजा सुमारे १०.१ लाख होतो.

खरेदीत आज ४२.७ लाख जातात, देखभालीचे आणखी ३.३ लाख. दहा वर्षांनी फ्लॅट ६५.२ लाखांना विकला, दलाली वजा जाता ६३.९ लाख हाती आले, तर त्यांची आजची किंमत २९.६ लाख. म्हणजे खरेदीचा निव्वळ बोजा १६.४ लाख. भाडे सव्वासहा लाखांनी स्वस्त पडते. खरेदी बरोबरीला यायची तर भाव दरवर्षी साधारण ७ टक्क्यांनी वाढायला हवा.

घर कर्जाने घेतले आणि कर्जाचा व्याजदरही ८ टक्केच असेल, तर उत्तर बदलत नाही. हप्त्यांचे वर्तमानमूल्य उचललेल्या मुद्दलाएवढेच येते. म्हणूनच वीस वर्षांचे हप्ते बेरजेने मोठे दिसले म्हणून घाबरू नये.

उत्तर खरे तर वटावाच्या दरावर, म्हणजे पुढची रक्कम आजच्या किमतीत आणताना धरलेल्या दरावर फिरते. निवृत्तीनंतर गावाकडे परतलेल्या माणसाचे पैसे मुदतठेवीत असतील, तर करानंतर त्याला जे सुटते तोच त्याचा दर. तो ६ टक्के धरून वरचाच हिशेब केला तर भाड्याचा बोजा ११.१ लाख आणि खरेदीचा १०.७ लाख येतो. फ्लॅट तोच, भाडे तेच, तरी आता खरेदी थोडी सरस ठरते. नवे कर्ज काढणाऱ्याने मात्र कर्जाचाच दर धरावा. दुसऱ्याने केलेला हिशेब जसाच्या तसा उचलणे धोक्याचे, ते याच कारणाने.

किनाऱ्यावर सर्वांत जास्त फसवणारे गृहीतक भाववाढीचे. जमिनीचा भाव वाढतो, पण इमारत जुनी होत जाते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी सळ्या गंजतात, त्या फुगून स्लॅबचा गिलावा सुटतो, गच्ची गळू लागते. घर पाहताना छताच्या तुळईवर सळीच्या रेषेत गेलेली चीर आणि तांबूस डाग दिसले, तर नव्या इमारतीचा वाढीचा दर त्या फ्लॅटला लावू नये. ६ टक्क्यांच्याच हिशेबात भाववाढ ५ ऐवजी ३ टक्के धरली की खरेदीचा बोजा १६.९ लाखांवर जातो. भाववाढ ५ टक्केच ठेवली, पण आठव्या वर्षी दुरुस्तीची ३ लाखांची वर्गणी आली, तर आजच्या किमतीत १.९ लाखांची भर पडते आणि भाडे पुन्हा सुमारे दीड लाखाने स्वस्त होते.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीतच असते: भाड्याने राहणारा वाचलेली रक्कम खरोखर त्या दराने गुंतवतो. ती गावच्या सामाईक घराच्या दुरुस्तीत किंवा लग्नकार्यात खर्च झाली, तर दहा वर्षांनी त्याच्याकडे ना घर उरते ना ठेव, आणि हिशेबातली स्वस्ताई कागदावरच राहते.