हायफनेशन की जस्टिफिकेशन? अरुंद कॉलममधल्या फटी कशाने भरायच्या

आठ कॉलमच्या पानावर बातमी लावली की चार-पाच ओळींआड एखादी ओळ दात पडल्यासारखी दिसते. डावीकडे एक शब्द, उजवीकडे एक शब्द आणि मध्ये पांढरी फट. ‘जस्टिफिकेशन बिघडलंय’ असं म्हणत ऑपरेटर आकडे बदलत बसतो. उपसंपादकाला वाटतं की हायफन नको म्हणून बंद केलेत, त्याचा इथे काय संबंध? प्रत्यक्षात या दोन वेगवेगळ्या सोयी आहेत. फट बहुतेक वेळा पडते ती एकीचं काम दुसरीकडून करून घ्यायला गेल्यामुळे.

ओळीच्या दोन्ही कडा सरळ यायला हव्यात म्हणून उरलेली जागा कुठेतरी वाटावी लागते. ही वाटणी म्हणजे जस्टिफिकेशन. जागा मुळात किती उरणार, हे त्याच्या हातात नसतं. पुढचा शब्द ओळीत मावला नाही तर तो अख्खा खाली पाठवायचा की तोडून अर्धा वर ठेवायचा, हे हायफनेशन ठरवतं. उरणारी जागा त्यावरच अवलंबून असते. रुंद कॉलममध्ये दहा-बारा फटी असल्या की वाटणी खपून जाते. अरुंद कॉलममध्ये दोनच फटी असतात, तिथे वाटणी कितीही हुशारीने केली तरी लपत नाही.

एका ओळीचा हिशेब करून पाहू. छपाईची रुंदी ३३० मिलिमीटर, आठ कॉलम, मधल्या गाळ्या ४ मिलिमीटरच्या. कॉलम सुमारे ३८ मिलिमीटरचा येतो, म्हणजे जवळपास १०८ पॉइंट. मजकूर साडेदहा पॉइंटमध्ये आहे आणि शब्दांमधली नेहमीची जागा अडीच पॉइंट धरली आहे. फॉन्टनुसार मापं थोडी इकडेतिकडे होतील, पण हिशेब बदलत नाही. वाक्य आहे: ‘या मागणीचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले.’

‘या मागणीचे निवेदन’ हे तीन शब्द मिळून सुमारे ६६ पॉइंट आणि दोन फटींचे ५, असे ७१ पॉइंट होतात. उरतात ३७. ‘जिल्हाधिकाऱ्यांना’ या शब्दाला सुमारे ५७ पॉइंट लागतात, तो मावत नाही. हायफनेशन बंद असेल तर तो अख्खा खाली जातो आणि ३७ पॉइंट दोन फटींत वाटले जातात. प्रत्येक फट २१ पॉइंटची होते, नेहमीच्या आठपटीहून जास्त. जस्टिफिकेशनच्या चौकटीत कमाल मर्यादा १३३ टक्के लिहिली असो वा १५०, त्याने फरक पडत नाही. दुसरा मार्गच नसेल तर इनडिझाइन हा पान लावायचा प्रोग्रॅम ती मर्यादा ओलांडून ओळ भरतो. कमाल आकडा म्हणजे भिंत नव्हे, पसंती आहे. हे माहीत नसलं की माणूस तोच आकडा वरखाली करत राहतो.

आता शब्द तोडू. ‘जिल्हा-’ वर ठेवलं तर नवी फट आणि हायफन धरून साडेपंचवीस पॉइंट जातात. उरलेले साडेअकरा पॉइंट तीन फटींत वाटले की प्रत्येक फट सव्वासहा पॉइंटच्या आसपास येते. अडीचपट आहे, पण भगदाड नाही. ‘जिल्हाधि-’ वर ठेवलं तर उरतात जेमतेम ३ पॉइंट आणि फट साडेतीनची होते, म्हणजे १४० टक्के. ओळ छान बसते. शब्दाची फोड जिल्हा + अधिकारी अशी आहे हे खरं, पण ‘जिल्हाधि-’ वाचताना पुढे काय येणार याचा गोंधळ होत नाही. म्हणून अशा ठिकाणी आम्ही व्याकरण थोडं बाजूला ठेवून दुसरा तुकडा घेऊ.

प्रत्येक शब्दाला ही सूट देता येत नाही. ‘महानगरपालिका’ हा शब्द बेळगावच्या पानावर रोज दहा वेळा येतो. तो ‘महा-नगरपालिका’ किंवा ‘महानगर-पालिका’ असा तुटला तर ठीक. ‘महान-’ वर आणि ‘गरपालिका’ खाली आलं की वाचणारा आधी ‘महान’ वाचतो, मग अडखळतो. ‘एकीकरण’चं तसंच आहे. ‘एकी-करण’ चालतं, पण ‘एकीक-रण’मध्ये ओळीच्या सुरुवातीला थेट ‘रण’ उभं राहतं आणि समितीच्या बातमीत ते भलतंच दिसतं. आपोआप तोडणारा शब्दकोश अक्षरांच्या जागा ओळखतो, समासाची फोड त्याला कळत नाही. म्हणून रोज येणाऱ्या वीस-पंचवीस लांब शब्दांच्या तोडण्याच्या जागा एकदा बसून ठरवाव्यात आणि प्रोग्रॅमच्या वापरकर्ता-शब्दकोशात भराव्यात. सीमाभागात हे जास्तच लागतं. सरकारी पत्रकं कन्नडमधून येतात आणि त्यांचं मराठी करताना पदनामं नि खात्यांची नावं लांबलचक होतात.

गावांची आणि माणसांची नावं हा वेगळा प्रश्न आहे. इनडिझाइनमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होणारे शब्द तोडायचे की नाहीत, याची एक खूण आहे. इंग्रजी पानांवर ती काढून टाकली की विशेषनामं तुटत नाहीत. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. ‘बैलहोंगल’, ‘हुक्केरी’, ‘सवदत्ती’ ही नावं तुटू नयेत असं वाटत असेल तर ती निवडून त्यांना No Break लावावं लागतं, किंवा त्यासाठी एक कॅरेक्टर स्टाइल करून ठेवावी लागते. प्रत्येक नावाला ते लावलं तर फटी परत येतील. मृत्युवार्ता, नियुक्त्या आणि मथळ्याखालचा पहिला परिच्छेद इथेच लावावं.

हायफनेशन चालू करूनही काहीच तुटत नसेल तर आधी भाषा तपासा. मजकुराला कॅरेक्टर पॅनेलमध्ये जी भाषा लागलेली असते, तिचाच शब्दकोश वापरला जातो. इथल्या संगणकांवर ती अनेकदा इंग्रजी किंवा कन्नड असते. अक्षरं देवनागरी दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही आणि पान हायफनशिवाय लागत राहतं. पॅराग्राफ स्टाइलमध्येच भाषा Marathi ठेवा आणि कंपोझर म्हणून Adobe World-Ready Paragraph Composer निवडा. तो पूर्ण परिच्छेद एकदम पाहतो आणि एका ओळीची फट कमी करण्यासाठी वरच्या ओळीतही थोडा बदल करतो. ओळीपुरतं पाहणारा कंपोझर तसं करत नाही. परिच्छेद पाहणाऱ्या कंपोझरची एक किंमत आहे: शेवटच्या क्षणी एक शब्द बदलला तर वरच्या ओळीही हलतात. प्रूफ पुन्हा वाचावं लागतं.

श्री-लिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर असेल तर आपोआप हायफनेशन बंदच ठेवा. प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो मजकूर रोमन चिन्हांची सरमिसळ असते. तिथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते. शब्द भलत्या जागी तुटला की वेलांटी वरच्या ओळीत एकटी लटकते.

आता जस्टिफिकेशनच्या चौकटीकडे. इनडिझाइनमध्ये Word Spacing चे किमान, अपेक्षित आणि कमाल आकडे मुळात ८०, १०० आणि १३३ असतात. ३८ मिलिमीटरच्या मराठी कॉलमसाठी आम्ही ७५, १००, १५० ठेवू. देवनागरीत शिरोरेषा तुटली की शब्द संपला हे डोळ्याला लगेच कळतं, त्यामुळे फट थोडी आवळली तरी शब्द मिसळत नाहीत. ६० च्या खाली मात्र शिरोरेषेतली जागा इतकी बारीक होते की वर्तमानपत्री कागदावर शाई पसरली की दोन शब्द एक होतात.

Letter Spacing तिन्ही ठिकाणी शून्य. रोमन लिपीत इथे एक-दोन टक्क्यांची सूट देऊन फटी लपवता येतात, पण देवनागरीत अक्षरांमध्ये जागा आली की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांची दिसते. Glyph Scaling ९८ ते १०२ पर्यंत सैल करता येतं. वरच्या उदाहरणात त्याने ‘जिल्हा-’च्या ओळीत दोन पॉइंटांहून कमी जागा भरते, म्हणजे प्रत्येक फटीमागे अर्धा पॉइंट. इतक्यावर समाधान मानावं. ९५-१०५ केलं की शेजारच्या दोन ओळी वेगळ्या फॉन्टच्या वाटू लागतात. Single Word Justification मुळात पूर्ण पसरवण्यावर असतं. ते Align Left करा, नाहीतर ओळीत एकटा राहिलेला शब्द ताणला जातो.

हायफनच्या चौकटीत सलग हायफनची मर्यादा २ ठेवा आणि परिच्छेदाचा शेवटचा शब्द तोडू देऊ नका. शेवटच्या तुकड्यात किमान किती अक्षरं हवीत हा आकडा मराठीत जपून ठरवायचा असतो. डोळ्याला ‘च्या’ हे एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ती चार चिन्हं आहेत: च, हलन्त, य आणि काना. प्रोग्रॅम चिन्हं मोजत असेल तर किमान ३ म्हटल्यावरही ‘समिती-’ वर आणि एकटं ‘च्या’ खाली येऊ शकतं. आकडा ५ करून आपल्याच पानावरच्या मजकुरावर पाहा. हे एकुलते प्रत्यय अडवले तरी फटी फारशा वाढत नाहीत.

आता घाईतल्या दोन चुका. पहिली, हाताने टाइप केलेला हायफन. ओळ बसावी म्हणून ऑपरेटर ‘-’ दाबतो. मग वरचा शब्द काढला जातो, मजकूर सरकतो आणि ओळीच्या मधोमध ‘जिल्हा-धिकाऱ्यांना’ छापून येतं. तोच मजकूर वेबसाइटवर गेला तर तिथेही तो हायफन जातो. त्याऐवजी Ctrl+Shift+- दाबून ऐच्छिक हायफन घाला. शब्द तिथे तुटला तरच तो दिसतो. तो पूर्ण अक्षरानंतर घालायचा. ‘ल्’ आणि ‘हा’ यांच्या मध्ये घातला तर जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो.

दुसरी, Shift+Enter. परिच्छेद न तोडता पुढच्या ओळीवर जायला ते वापरतात. जस्टिफाय केलेल्या कॉलममध्ये मात्र ती अपुरी ओळ पूर्ण रुंदीभर ताणली जाते. हायफनेशन नि जस्टिफिकेशनचे सगळे आकडे बरोबर असताना एखाद्याच ओळीत भगदाड दिसलं तर लपलेली चिन्हं दाखवून हीच खूण आधी शोधा.

पान सोडण्यापूर्वी Preferences मधल्या Composition विभागात H&J Violations चालू करा. मर्यादेबाहेर ताणलेल्या किंवा आवळलेल्या ओळी पिवळ्या होतात, आणि जितकं उल्लंघन मोठं तितका पिवळा गडद. फिकट ओळी सोडून द्या. गडद ओळीत शब्द बदलणं हे सर्वांत स्वस्त औषध आहे. ‘देण्यात आले’चं ‘दिले’ करा किंवा पदनाम आखूड करा. चौकटीतला कॉलम २५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ओळीत जेमतेम दोन शब्द बसतात. तिथे यांपैकी कुठलाच उपाय चालत नाही, मजकूर सरळ डावीकडे लावून उजवी कड मोकळी सोडावी.