इंग्रजी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांचा उच्चारभेद : मराठी भाषकाची अडचण

इंग्रजीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांचे ध्वनी एकमेकांपासून वेगळे आहेत, मराठीच्या लिपीत मात्र दोघांच्या वाट्याला मुळात एकच ‘व’ येतो. इंग्रजीतून मुलाखत देणाऱ्या मराठी भाषकाचे जे उच्चार गोंधळतात, त्यांत ही जोडी वरच्या क्रमांकाची आहे. विदर्भात हा प्रश्न गावांच्या नावांतच दिसतो. विदर्भ आणि वर्धा हे दोन्ही शब्द मराठीत एकाच ‘व’ने सुरू होतात, पण रोमन लिपीत विदर्भाला ‘व्ही’ आणि वर्ध्याला ‘डब्ल्यू’ लावण्याची प्रथा पडली आहे. वाशीम, वणी, वरुड, वरोरा यांनाही ‘डब्ल्यू’च मिळाला. हा केवळ लेखनाचा संकेत आहे. वर्धा हे नाव इंग्रजी वाक्यातही मराठीप्रमाणेच उच्चारावे, त्यासाठी ओठ गोल करण्याचे कारण नाही.

मराठी ‘व’ उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाच्या अगदी जवळ येतात किंवा त्याला हलकेच टेकतात, पण हवा अडत नाही आणि घासतही नाही. इंग्रजी ‘व्ही’मध्ये दात ओठावर नीट टेकतात, हवा त्या फटीतून घासत बाहेर पडते आणि त्याच वेळी कंठात कंप असतो. ‘डब्ल्यू’मध्ये दातांचा काहीच संबंध नसतो. दोन्ही ओठ गोल होऊन पुढे येतात आणि जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. मराठी ‘व’ या दोहोंच्या मधोमध बसतो, म्हणून इंग्रजी ऐकणाऱ्याच्या कानाला तो कधी एक वाटतो, कधी दुसरा. बोलणाऱ्याला मात्र आपण दोन्ही ठिकाणी बरोबर बोललो असेच वाटत राहते.

मराठी लेखनाने या भेदाची एक खूण करून ठेवली आहे. हिंदीत ‘वीडियो’ आणि ‘वोट’ लिहितात, तर मराठीत व्हिडिओ, व्होट, व्हॅन, टीव्ही असे ‘व्ह’ घालून लिहितात, आणि वॉर्ड, वेटर, वॉच या ‘डब्ल्यू’च्या शब्दांना साधा ‘व’ ठेवतात. ही खूण उपयोगी आहे, पण तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. एक तर ‘व्हावे’, ‘जिव्हाळा’ यांतील ‘व्ह’मध्ये जो ‘ह’चा श्वास मिसळतो, तो इंग्रजी ‘व्ही’मध्ये नसतो. व्हॅन म्हणताना ‘ह’ ऐकू आला तर उच्चार चुकला. दुसरे असे की, ज्या इंग्रजी शब्दांच्या लेखनात ‘डब्ल्यू’नंतर ‘एच’ येतो, त्यांतील बहुतेकांनाही मराठीत ‘व्ह’च लागतो : व्हाइट, व्हील, व्हाय. आजच्या बहुतेक इंग्रजी बोलींत हे शब्द साध्या ‘डब्ल्यू’नेच उच्चारले जातात, म्हणजे तेथे दात ओठाला लागता कामा नयेत. मुलाखतीतले पुष्कळ प्रश्न व्हाय, व्हॉट, व्हेन, व्हेअर यांनीच सुरू होतात आणि उमेदवार कधी कधी उत्तराच्या आरंभी तेच शब्द परत उच्चारतो, त्यामुळे ही फसगत वारंवार होते.

वऱ्हाडी बोलीच्या वळणाने त्यात आणखी एक भर पडते. या बोलीत शब्दाच्या आरंभीचा ‘व’ पुढे ‘इ’ किंवा ‘ए’ आल्यास पुष्कळदा गळतो किंवा बदलतो : विहिरीची इहीर होते, विचाराचा इचार आणि वेळेची येळ. बोलीच्या दृष्टीने हे नियमित आहे, दोष नव्हे. मात्र ज्याच्या तोंडी हे वळण पक्के आहे, त्याने इंग्रजीत व्हिलेज, व्हिजिट, विंटर अशा शब्दांचा पहिला ध्वनी मुद्दाम तपासावा. ‘उ’पूर्वीचा ‘डब्ल्यू’ तर मराठी भाषकांत इतरत्रही पुष्कळदा गळतो, आणि वुमनचे ऊमन व वूलचे ऊल होते.

‘डब्ल्यू’ साधण्यासाठी चूल फुंकताना फुंकणीला लावतो तसे ओठ करावेत, क्षणभर ‘ऊ’ धरावा आणि तेथून पुढच्या स्वरावर सरकावे. वुमनसाठी ओठ ‘उ’पेक्षाही अधिक आवळावे लागतात, नाहीतर आरंभीचा ध्वनी ऐकूच येत नाही. ज्यांना हे अवघड वाटते त्यांनी ‘त्वचा’, ‘स्वाद’ हे शब्द सावकाश म्हणून पाहावेत. तेथला ‘व’ बहुतेकांच्या तोंडी आपोआप गोल होतो. ‘व्ही’साठी दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर ठेवून ‘फॅन’मधला पहिला ध्वनी तीन-चार सेकंद ताणावा आणि दात न हलवता त्यात आवाज मिसळावा. ओठाला गुदगुल्या झाल्यासारखे वाटले आणि गळ्यावर ठेवलेल्या बोटांना कंप जाणवला, तर ध्वनी जमला. मराठी ‘व’ असा ताणला तरी घर्षण ऐकू येत नाही, फरक तेथे कळतो.

एका उदाहरणावरून सराव स्पष्ट होईल. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या उमेदवाराचे स्वपरिचयाचे वाक्य असे असू शकते : ‘आय लिव्ह इन अ व्हिलेज निअर वर्धा. आय हॅव्ह वर्क्ड विथ अ विमेन्स सेव्हिंग्ज ग्रुप फॉर ट्वेल्व्ह मन्थ्स.’ वर्धा वगळता यात नऊ जागा येतात. लिव्ह, व्हिलेज, हॅव्ह आणि सेव्हिंग्ज येथे दात लागतात, तर वर्क्ड, विथ आणि विमेन्स येथे ओठ गोल होतात. ट्वेल्व्हमध्ये दोन्ही आहेत, ‘ट’नंतर गोल ओठ आणि शेवटी दात. सर्वांत कठीण जागा ‘हॅव्ह वर्क्ड’ या सांध्याची आहे, कारण तेथे दात सोडून लगेच ओठ गोल करावे लागतात आणि घाईत दोन्ही मिळून एकच मराठी ‘व’ उरतो. हे दोन शब्द आधी मध्ये थांबून, मग न थांबता म्हणावेत. आरशासमोर ‘व्ही’ला वरचे दात ओठावर टेकलेले दिसतात, ‘डब्ल्यू’ला ते दिसत नाहीत.

आरशात जमलेले कानाला जमले का, हे स्वतःला कळत नाही. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. ‘पश्चिम दिशा’ या अर्थाचा वेस्ट आणि ‘बनियन’ या अर्थाचा व्हेस्ट, किंवा ‘मद्य’ या अर्थाचा वाइन आणि ‘वेल’ या अर्थाचा व्हाइन, अशा जोडीतील एकेक शब्द क्रम बदलत दहा वेळा म्हणावा. ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसावे आणि ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लिहावा. नुसत्या अंदाजानेही पाचच्या आसपास उत्तरे बरोबर येतात, म्हणून नऊ किंवा दहा जुळेपर्यंत भेद साधला असे धरू नये. अर्थात ऐकणाऱ्याला तो भेद कळत असला पाहिजे.

सराव वाढला की उलटी चूकही होते : जिकडेतिकडे दात लावून वर्कचे ‘व्हर्क’ आणि ‘व्हेरी वेल’चे ‘व्हेरी व्हेल’ केले जाते. ही चूक मूळ चुकीपेक्षा अधिक खटकते. मालकी दाखवणाऱ्या ‘ऑव्ह’ या शब्दाच्या लेखनात ‘एफ’ असला तरी ध्वनी ‘व्ही’चा आहे, तो ‘ऑफ’ म्हटल्यास वेगळाच शब्द होतो. याउलट ‘करावे लागते’ या अर्थाच्या ‘हॅव्ह टू’मध्ये इंग्रज भाषकही ‘हॅफ’ म्हणतात, तेथे ‘व्ही’चा आग्रह नको.

भारतीय इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एक होणे इतके सार्वत्रिक आहे की, भारतीय मुलाखत मंडळाला संदर्भावरून बहुतेक सारे समजते आणि तेवढ्यावरून उमेदवार क्वचितच अडतो. परदेशी ग्राहकांशी दूरध्वनीवर बोलण्याच्या नोकरीत मात्र ऐकणाऱ्याला ओठ दिसत नाहीत. आयईएलटीएस परीक्षेच्या 11 ते 14 मिनिटांच्या तोंडी भागात उच्चार हा चार निकषांपैकी एक असतो, पण तेथेही गुण एकेका ध्वनीला नसून एकंदर सुबोधतेला मिळतात. फोनवर आडनावाची अक्षरे सांगताना वानखडे आणि वैद्य यांचे पहिले अक्षर वेगळे पडते, आणि तेथे संदर्भही मदतीला येत नाही. अशा वेळी ‘व्ही फॉर व्हिक्टर’ किंवा ‘डब्ल्यू फॉर व्हिस्की’ असे सांगण्याची पद्धत आहे.