जुन्या भाजल्याच्या वणावरची न भरणारी जखम : पार्श्वभूमी

जुन्या वणावर उघडलेली आणि काही केल्या न भरणारी जखम कधीकधी कॅन्सरची असते, हे वैद्यकाला बऱ्याच काळापासून माहीत आहे. १८२८ मध्ये पॅरिसच्या एका सर्जनने वणावर वाढणाऱ्या, चामखिळीसारख्या दिसणाऱ्या जखमांचं वर्णन केलं. तो कॅन्सर असतो हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, ते पुढच्यांनी ओळखलं. तरी ‘मार्जोलिन अल्सर’ हे त्याच्याच आडनावाचं लेबल केसपेपरवर टिकून आहे.

पुणे जिल्ह्यापुरतं बोलायचं तर खरी गोष्ट १९७०-८० च्या दशकांपासून सुरू होते. रॉकेलचा स्टोव्ह, पाण्याचा बंब, गुऱ्हाळावरची काहील ही तेव्हा भाजण्याची नेहमीची कारणं. खोल भाजलेली कातडी लवकर कापून काढायची आणि तिथे मांडीची कातडी लावायची, ही पद्धत १९७० च्या सुमारास युगोस्लाव्हियातून जगापुढे आली. पण तिला रक्त, भूल आणि रिकामं ऑपरेशन थिएटर लागतं. तालुक्याच्या गावी यातलं काहीच नसायचं, त्यामुळे मलम-पट्टी करत जखम आपोआप भरण्याची वाट पाहिली जाई. अशी भरलेली कातडी पातळ, ताणलेली आणि सांध्यावर आखडलेली राहते. आज वण घेऊन येणाऱ्याच्या निष्काळजीपणावर खापर फोडण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

केस साधारण अशी असते. दौंडकडची पंचेचाळिशीची बाई, लहानपणी उकळत्या रसाने पाय भाजलेला. जखम भरायला पाच-सहा महिने गेले आणि गुडघ्यामागे वण आखडला. शेतात वाकून काम करताना तो अधूनमधून फाटायचा, हळद लावली की सुकायचा. मग एकदा फाटला तो सुकलाच नाही. तीन महिने अँटिबायोटिक आणि ड्रेसिंग चाललं. दुखणं फारसं नाही, पण घाण वास येतो, हात लावला की रक्त येतं आणि जखमेची कड बाहेर उलटून कडक झाली आहे. कडक, उलटलेली कड दिसली की पुढचं ड्रेसिंग नको, तुकडा तपासायला पाठवायचा.

इथेच बरेचदा घोटाळा होतो. तुकडा जखमेच्या मधोमध घेतला तर रिपोर्टमध्ये नुसती सूज किंवा मेलेलं मांस निघतं आणि ‘कॅन्सर नाही’ असं समजून पुन्हा पट्ट्या सुरू होतात. शिवाय जुन्या जखमेच्या कडेची कातडी वरवर नुसतीच जाड झालेली असते; उथळ तुकड्यात ती आणि सौम्य दिसणारा कॅन्सर वेगळे ओळखणं अवघड जातं. म्हणून कडेचे, खोल आणि तीन-चार ठिकाणचे तुकडे लागतात. रिपोर्ट ‘नाही’ म्हणतो आणि जखम मात्र वाढते, तेव्हा जखमेचं ऐकून बायोप्सी पुन्हा करावी.

बहुतेक वणांना हे कधीच होत नाही. होतं त्यांना सरासरी तीसेक वर्षांनी. वारंवार फाटणं आणि भरणं यात पेशी सतत विभागत राहतात, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. दुसरं असं की वणात रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या कमी असतात, म्हणून शरीराच्या पहारेकरी पेशी तिथे नीट पोचत नाहीत.

याच दुसऱ्या कारणातून सर्वांत जुना वाद निघतो : जांघेतल्या लसिकागाठी काढायच्या का? एका बाजूचं म्हणणं, वणातून बाहेर जायला वाटच कमी, त्यामुळे गाठी हाताला लागत नसतील तर हात लावू नये. दुसरी बाजू म्हणते, वणाची सीमा एकदा ओलांडली की हा कॅन्सर साध्या उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरपेक्षा जास्त पसरतो, विशेषतः पायावरचा. गाठ हाताला लागेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर. दोन्ही बाजूंचा आधार छोट्या छोट्या केस-मालिकांचा आहे. त्यात भर म्हणजे चिघळलेल्या जखमेमुळे जांघेतली गाठ नुसत्या संसर्गानेही सुजते. कॅन्सर सर्वांत आधी ज्या गाठीत पोचेल ती शोधण्यासाठी रंग टोचायची पद्धत आहे, पण वणातून रंग कुठे जाईल याचा भरवसा नसतो. आणि सरसकट गाठी काढल्या तर पाय कायमचा सुजू शकतो, जांघेतली जखमही सहज उघडते. दिवसभर उभं राहून शेतात राबणाऱ्या बाईला ही किंमत लहान नाही. त्यामुळे आधी सोनोग्राफी, संशयित गाठीतून सुईने नमुना, आणि तो कॅन्सरचा निघाला तरच गाठी काढणं, हा मार्ग मला जास्त पटतो.

मूळ जखमेबद्दल वाद कमी आहे. सगळीकडून सुमारे दोन सेंटिमीटर चांगली कातडी धरून ती खोलवर काढतात आणि तिथे कातडी लावतात. ऑपरेशनआधीच्या एक्स-रेमध्ये हाड कुरतडलेलं दिसलं तर पाय काढण्याचा विषय निघतो. काढल्यावरही पहिली काही वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी वण आणि जांघ दोन्ही हाताने चाचपून पाहावी लागते. पाय बरा दिसू लागला की नेमकी हीच फेरी चुकते.