पिनच्या वरची ओळ

एप्रिलमध्ये देवगडच्या पडवीत बसलेल्या बाईला फोनवर बोलायला उसंत नसते. पेंढ्यावर आंबे लावायचे, पेट्या बांधायच्या, गाडी सुटायच्या आत निरोप द्यायचा. ठग नेमका तेव्हाच फोन करतो, म्हणून यूपीआय कोडच्या फसवणुकीवरच्या आमच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओची सुरुवात तिथूनच केली आहे.

पहिलं दृश्य. काकी पेटीत पेंढा पसरते आहे. फोन वाजतो. "नमस्कार ताई, मी फौजेत अधिकारी आहे. आमच्या मेससाठी दहा पेट्या हव्यात. भाव विचारत नाही, आगाऊ दहा हजार आत्ताच पाठवतो." काकी खूश. भाव न विचारणारं गिऱ्हाईक हीच खरं तर पहिली खूण, पण घाईत ती कोणाच्या लक्षात येते?

"आमच्याकडून पैसे यायची पद्धत वेगळी आहे. एक कोड पाठवलाय, तो मुलाच्या फोनवर उघडा आणि तुमच्या फोनने स्कॅन करा. आधी एक रुपयाचं बघू." काकी स्कॅन करते, पिन टाकते. तिचा एक रुपया जातो, आणि लगेच दोन रुपये परत येतात. "बघा, आले ना? आता दहा हजारांचा कोड."

इथे व्हिडिओ थांबवून आम्ही त्या कोडच्या आत काय असतं ते दाखवतो. चौकोनी ठिपक्यांत कोरलेला मजकूर साधारण असा असतो:

```
upi://pay?pa=xyz@bank&pn=Advance&am=10000&cu=INR
```

`pay` म्हणजे पैसे द्या. `pa` म्हणजे ज्याला द्यायचे त्याचा पत्ता, आणि तो पत्ता ठगाचा. `am` म्हणजे रक्कम. `pn` मध्ये नाव असतं, आणि कोड बनवणारा तिथे काहीही लिहू शकतो. कोडच्या चित्राखाली "दहा हजार मिळवा" असं ठळक छापलेलं असलं, तरी फोन ते वाचत नाही. तो फक्त ठिपके वाचतो.

मग शहाणीसुरती माणसं पिन टाकतात तरी का? मला वाटतं, याचं मूळ आपल्या जुन्या सवयीत आहे. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की पोस्टमनसमोर सही करावी लागे, नाहीतर अंगठा द्यावा लागे, तेव्हा नोटा हातात पडत. पैसे घेताना आपली खूण द्यायची, हे कोकणातल्या घराघरात मुरलेलं आहे. यूपीआयमध्ये याच्या उलट आहे. पैसे यायचे असतील तर समोरच्याला तुमचा यूपीआय पत्ता किंवा त्याच्याशी जोडलेला मोबाइल नंबर पुरतो. तुम्ही झोपलेले असलात तरी ते जमा होतात. चार किंवा सहा आकडी पिन म्हणजे "माझ्या खात्यातून काढा" असा तुमच्या बँकेला दिलेला हुकूम. शिल्लक पाहायलाही तो लागतो, पण पैसे घ्यायला कधीच लागत नाही.

दुसरं दृश्य. काकीचं बोट पिनच्या पहिल्या आकड्यावर. कॅमेरा अगदी जवळ जातो. आकड्यांच्या वर एक बारीक ओळ असते, पैसे कोणाला आणि किती जाणार आहेत ते सांगणारी. बोटांना पिन इतका पाठ असतो की नजर त्या ओळीवर जातच नाही.

शेजारची वहिनी म्हणते, "काकी, वरचा मोठ्यान वाच बघू."

काकी चष्मा सावरून वाचते. अनोळखी नाव, आणि पुढे दहा हजार. हात थबकतो. "पैसे माका येवचे, तर ह्या नाव कोणाचा? आणि पिन कित्याक होयो?"

व्हिडिओत शिकवायची सवय एवढीच: पिन टाकण्याआधी वरची ओळ मोठ्याने वाचायची. मनात वाचलं तर डोळे पुढे सरकतात. तोंडाने नाव आणि रक्कम उच्चारायला दोन-तीन सेकंद लागतात, आणि ठगाला नेमके तेवढेच नको असतात. म्हणून तर तो सतत बोलत राहतो, फोन ठेवू देत नाही. ही सवय सगळ्या फसवणुकींना पुरत नाही. कोणी फोनवर एखादं अॅप टाकायला लावून तुमचा स्क्रीनच पाहत असेल तर ती अपुरी पडते. पण कोडच्या या सापळ्यात ती नक्की कामी येते.

शेवटचं दृश्य चूक झाली असेल तर काय, याचं. दहा हजार गेल्यावर ठग म्हणतो, "तांत्रिक अडचण आली, परत मिळवायला पुन्हा स्कॅन करा." दुसरे दहा हजार असे जातात. म्हणून काकीची सून त्याचा फोन मधेच तोडते आणि सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा 1930 हा नंबर लावते. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवली जाते. ती कुठेतरी अडवता यावी म्हणून पहिला फोन लवकर जायला हवा. सून अॅपमधल्या व्यवहारावर बोट ठेवून बारा आकडी व्यवहार क्रमांक एकेक करून सांगते आहे, आणि काकी पेटीच्या पुठ्ठ्यावर तो लिहून घेते आहे.