ताटात जे आहे तेच, फक्त नीट दिसेल असं : फोटो पाठवण्याआधी एवढं वाचा

घरगुती खानावळ, डबे, रविवारच्या मटणाच्या ऑर्डरी असं काम करणारे बरेच जण आमच्याकडे मोबाईलवर काढलेला फोटो पाठवतात आणि म्हणतात, मेनूकार्डवर टाकण्यासारखा करून द्या. करतो आम्ही, पण नेमकं काय करतो आणि काय करत नाही यावरून दर आठवड्याला कुणाशी तरी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून म्हटलं एकदाच लिहूनच ठेवू.

आमचा नियम एकच आहे. फडक्याने पुसता येईल ते आम्ही पुसतो, पळीने वाढावं लागेल ते आम्ही वाढत नाही. म्हणजे वाटीच्या काठावर आलेला रश्श्याचा ओघळ, ताटावरचे बोटांचे ठसे, मेणकापडावर पडलेला भाताचा दाणा, मागे दिसणारा चार्जर, हे सगळं जातं. कारण गिऱ्हाइकासमोर ताट ठेवताना तुम्ही पण ते पुसलंच असतं ना. पण मटणाचे दोन पीस वाढवा, वरून कोथिंबीर टाका, वाफ निघताना दाखवा, हे नाही. कोथिंबीर हवी असेल तर खरी टाका आणि परत फोटो काढा, दोन मिनिटांचं काम आहे आणि दुसऱ्या फोटोचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. भाकरीवरचे करपल्याचे डाग पण आम्ही ठेवतो, काही जणांना ते आवडत नाही, पण आमच्या मते डाग नसलेली भाकरी फोटोत मैद्याची दिसते.

काकूंचं ताट

एक खरंखुरं काम सांगतो म्हणजे कळेल. कोल्हापूरच्या एका खानावळवाल्या काकूंनी तांबडा-पांढऱ्याच्या ताटाचा फोटो पाठवला होता, रात्री काढलेला. सुक्कं मटण, तांबडा, पांढरा, भात, ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबाची फोड. काकूंची तक्रार अशी की पांढरा रस्सा वरणासारखा दिसतोय आणि तांबडा काळा पडलाय, जरा कलर वाढवा.

आता इथे कलर वाढवला असता तर वरण आणखी पिवळं झालं असतं. मूळ गडबड उजेडाची होती. डाव्या बाजूला भिंतीवरची ट्यूब आणि उजवीकडे स्वयंपाकघरातला जुना पिवळा बल्ब, असे दोन उजेड एकाच ताटावर. आपल्या डोळ्याला ते जाणवत नाही, डोळा आपोआप सांभाळून घेतो, मोबाईलला मात्र दोन्हीचा मिळून एकच अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकला की दोन्ही बाजू बिघडतात.

अशा वेळी पहिल्यांदा शोधायचं की फोटोत खरोखर पांढरं काय आहे. पुष्कळ जण इथेच चुकतात, ते पांढऱ्या रश्श्यालाच पांढरं धरतात. पण पांढरा रस्सा कुठे पांढराशुभ्र असतो, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, त्यात मटणाचं पाणी, तो सायीच्या रंगाचाच असतो. त्याला पांढरं धरून रंग सुधारला तर रस्सा दुधासारखा होतो आणि सगळं ताट निळसर पडतं, कांदा तर जांभळा होतो. भातही भरवशाचा नाही कारण तांदळागणिक रंग बदलतो. स्टीलचं तर विचारूच नका, स्टीलला स्वतःचा रंगच नसतो, जे समोर असेल ते त्यात दिसतं, तुमचा लाल शर्ट सुद्धा.

काकूंच्या नशिबाने ताटाच्या डाव्या बाजूला टिश्यू पेपर पडला होता. तो कापून टाकायचाच होता, पण कामाचा तोच निघाला. कॉम्प्युटरवर त्या टिश्यूचा रंग मोजला तर लाल 231, हिरवा 214 आणि निळा 168 आला. पांढऱ्या कागदात हे तिन्ही जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. म्हणजे लाल थोडा जास्त आणि निळा बराच कमी. मग लाल साधारण 0.93 पट केला, निळा 1.27 पट, हिरवा तसाच ठेवला. पांढरा रस्सा आधी 214, 190, 139 होता, म्हणजे चक्क पिवळा, तो झाला 198, 190, 177. अजूनही किंचित पिवळट, पण सायीसारखा, जसा वाटीत असतो तसा. रश्श्याला आम्ही हातच लावला नाही हे लक्षात घ्या, टिश्यू सरळ केला आणि रस्सा आपोआप जागेवर आला. (हा हिशोब ढोबळ आहे, सॉफ्टवेअर आत जरा वेगळ्या पद्धतीने करतं, पण दिशा हीच.)

एवढं करून उजवी बाजू पिवळीच राहिली, कारण टिश्यूवर बल्बचा उजेड पडलाच नव्हता. तिथे भात उपयोगी पडला. भाताचा ढीग मधोमध होता, त्याची डावी बाजू आता बरोबर दिसत होती आणि उजवी पिवळी, आणि एकाच भांड्यातला भात दोन रंगांचा असणार नाही. मग फक्त उजव्या भागावर वेगळी दुरुस्ती लावून ती डाव्या बाजूच्या भाताशी जुळेपर्यंत हलवत गेलो आणि मधली कड मऊ ठेवली. सुक्कं मटण त्या बाजूला होतं, त्याचा मसाला मातकट पिवळा दिसत होता, तो तपकिरी झाला.

आता तांबडा. लाल रंग फोटोत फार लवकर भरतो, म्हणजे असं की मोजमाप 255 पर्यंतच जातं आणि त्यापुढे सगळं सपाट. रेडी फिल्टर मारला किंवा कलरची पट्टी नुसती उजवीकडे ओढली की तवंगातले तेलाचे थेंब, मसाल्याचे कण, सगळं एकाच लाल रंगात बुडतं आणि रस्सा लिपस्टिकसारखा दिसायला लागतो. आम्ही रंग जवळजवळ वाढवतच नाही, मधल्या छटांचा उजेड वाढवतो, अगदी काळ्या भागाला तसाच ठेवतो. काकूंच्या तांबड्यात लाल आधीपासूनच होता, अंधारात लपला होता एवढंच.

एक गोष्ट नाही जमली. तांबड्याच्या तवंगावर ट्यूबचा लांबट पांढरा पट्टा पडला होता, तिथे तिन्ही आकडे 255. म्हणजे त्या जागी फोटोत माहितीच नाही, उजेड कमी केला तर तो पट्टा लाल होत नाही, राखाडी होतो. बाजूचा तवंग उचलून तिथे चिकटवता येतो, करणारे करतात, पण तो मग काकूंचा तवंग नाही, आमचा. पट्टा छोटा असला तर आम्ही राहू देतो, उलट त्याने रस्सा ओला, गरम वाटतो. वाटीचा पाव भाग झाकत असेल तर मात्र नवीन फोटो मागतो.

मागचं फुलाफुलांचं मेणकापड बदलून लाकडी टेबल करा असं पण काकूंचं म्हणणं होतं. हे बऱ्याच जणांना हवं असतं, आणि तसं केलं तर ताटातला पदार्थ बदलत नाही हे खरं आहे. पण वाटीच्या बाहेरच्या बाजूला तीच गुलाबी फुलं दिसत असतात. खाली लाकूड आणि वाटीत फुलं, माणसाला कारण सांगता येत नाही पण फोटो खोटा आहे हे लगेच कळतं, आणि मग तो रश्श्यावर पण विश्वास ठेवत नाही. म्हणून आम्ही मेणकापड ठेवतो, फक्त ताटाच्या बाहेरचा रंग उतरवतो आणि थोडं गडद करतो, नजर आपोआप ताटावर जाते.

वाटी मोठी दिसण्याचं प्रकरण

यावरून गिऱ्हाइकाशी खरी भांडणं होतात. फोन ताटाच्या अगदी जवळ नेऊन तिरका फोटो काढला की पुढची वाटी फोनपासून 25 सेंटीमीटरवर आणि मागची 50 वर, म्हणजे एकाच मापाच्या वाट्या असून पुढची मागचीच्या दुप्पट दिसते. काकूंच्या फोटोत सुक्क्याची वाटी पुढे होती, ती बघून कोणीही म्हणेल अर्धा किलो मटण आहे. ही एडिटिंगमध्ये केलेली फसवणूक नाही, पण पार्सल उघडल्यावर गिऱ्हाइकाला तसंच वाटणार. आणि दुरुस्त पण होत नाही, वाटी वेगळी लहान केली तर आम्हीच ताट बदललं असं झालं, आणि सगळा फोटो ताणला तर गोल ताट अंड्यासारखं होतं. उपाय फोटो काढतानाच आहे. एक मीटर लांब उभं राहा आणि 2 पट झूम करा. आता पुढची वाटी 100 सेंटीमीटरवर, मागची 125 वर, फरक फक्त सव्वापट, माप खऱ्यासारखं दिसतं.

काकूंना एवढ्यासाठी आम्ही दुसरा फोटो काढायला लावला. जरा वैतागल्या, पण काढला.

आम्ही काही बदललंय का हे तुम्हीच बघा

तयार फोटो देताना आम्ही तुमचा मूळ फोटो पण त्याच मापाने कापून सोबत देतो. गॅलरीत दोन्ही शेजारी ठेवा आणि बोटाने पटापट पुढे-मागे करा. फक्त उजेड आणि रंग बदलला असेल तर सगळं ताट एकदम उजळतं नि मंद होतं, जागचं काही हलत नाही. एखादा पीस सरकला, वाढला किंवा गायब झाला असेल तर तो उडी मारतो आणि डोळा तिथेच जातो. दुसऱ्या कुणाकडून फोटो करून घेतला असेल तरी हे करून बघा, कांद्याच्या चकत्या मोजा, भाकरीवरचे डाग बघा, गडबड बहुतेक तिथेच सापडते.

पाठवताना

लेन्स पुसा, सगळ्यात आधी. स्वयंपाक करून तेलकट हाताने फोन धरलेला असतो, लेन्सवर तो हात लागला की सगळ्या फोटोवर धुरकट पडदा येतो आणि तो पूर्ण निघत नाही. फ्लॅश बंद, पोर्ट्रेट मोड पण बंद, कारण तो वाट्यांच्या कडा आणि भाताची शितं चुकून पुसट करतो. दिवसा खिडकीजवळ काढा आणि घरातले दिवे बंद करा म्हणजे एकच उजेड राहील. दोन फोटो काढा, एक ताटाजवळ पांढरा कागद ठेवून आणि एक कागद काढून, पण दोन्ही लगेच एकापाठोपाठ आणि त्याच जागेवरून.

व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो लांबीला साधारण 1600 पिक्सेलवर येतो. छापायला एका इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे अख्खा फोटो जेमतेम सव्वापाच इंच, आणि त्यातून फक्त ताट कापून घेतलं तर चार इंच सुद्धा धड येत नाही. मोबाईलवर दाखवायला तेवढा पुरतो, मेनूकार्डवर फाटल्यासारखा दिसतो. छापायला देणार असाल तर आधी सांगा, कागदावर तांबड्याचा लाल स्क्रीनपेक्षा फिका येतो, तर त्यासाठी आम्ही वेगळी फाईल देतो आणि प्रेसवाल्याकडून एक नमुना काढून बघायला सांगतो.

सोबत दोन ओळी लिहा, ताटात काय काय आहे आणि किती पीस आहेत. काकूंनी लिहिलं होतं, "सुक्कं 5 पीस, लिंबू सकाळचं आहे." लिंबाची कड खरंच काळपट होती, आम्ही तशीच ठेवली, त्यांनी फोटो बघितला आणि दुसऱ्या दिवशी ताजं लिंबू कापून तिसरा फोटो पाठवला.