मसुदा परत पाठवताना शेरा कसा लिहावा

ठाण्यात नौपाड्यातील आमच्या कार्यालयात दुकानांची पत्रके, सोसायट्यांच्या सूचना आणि निमंत्रणांचे मजकूर तयार होतात. पहिला मसुदा आम्ही बहुतेक वेळा एआयकडून लिहून घेतो आणि तसे काम स्वीकारतानाच सांगतो. तो वाचून ग्राहक समासात सर्वाधिक वेळा लिहितात तो शेरा म्हणजे, "वाचायला बरे वाटत नाही, जरा बदला." ही भावना खरी असते, परंतु कोणते वाक्य बदलायचे आणि त्या जागी काय हवे, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे पुढचा मसुदा वेगळा होतो, बरा होतोच असे नाही.

चरईतील एक ताई दिवाळीचा फराळ करून देतात. त्यांच्या पत्रकाचा पहिला मसुदा असा होता: "आमचा फराळ हा केवळ खाद्यपदार्थ नाही, तर एक अनुभव आहे. आमची चकली तुम्हाला बालपणीच्या आठवणींत घेऊन जाते. ऑर्डर आठ दिवस आधी द्यावी. दर्जा, चव आणि विश्वास यांचा सुंदर संगम म्हणजे आमचा फराळ."

ताईंनी शेरा दिला, "कृत्रिम वाटते, घरगुती करा." आम्हीही तो तसाच पुढे दिला, ही आमची चूक झाली. दुसऱ्या मसुद्यात "आजीच्या मायेने" आणि "प्रत्येक घासात आपुलकी" आले. "घरगुती" या शब्दाबरोबर जी विशेषणे नेहमी येतात ती एआयने भरली, कारण ताईंच्या स्वयंपाकघराविषयी त्याच्याजवळ दुसरे काहीच नव्हते. शिवाय संपूर्ण मजकूर नव्याने लिहिला गेल्यामुळे ऑर्डरचे चांगले, कामाचे वाक्य "वेळेत ऑर्डर देऊन दिवाळीचा गोडवा निश्चित करा" असे झाले आणि त्यातले आठ दिवस गळून पडले.

मग आम्ही ताईंबरोबर बसून एकेक वाक्य वाचले. पहिल्या वाक्यातला "फराळ" काढून "शालू" घातला, "खाद्यपदार्थ" काढून "वस्त्र" घातले, तरी वाक्य तसेच उभे राहिले. म्हणजे दोष कृत्रिमपणाचा नव्हता. ते वाक्य कोणत्याही दुकानाला लागू पडत होते, हा दोष होता. त्याची दुरुस्ती शब्द बदलून होत नाही, तिथे ताईंची स्वतःची एखादी गोष्ट यावी लागते. "आपण चकलीत वेगळे काय करता?" असे विचारल्यावर त्यांनी भाजणीविषयी सांगितले, आणि पत्रकाला हवे होते ते नेमके तेच.

दुसऱ्या वाक्यावर त्यांचा शेरा फार नेमका होता: "चकली कुणाला कुठे घेऊन जात नाही, असे आपण बोलत नाही." व्याकरणाची एकही संज्ञा न वापरता त्यांनी दोष दाखवला होता. शेवटच्या वाक्यात तीन नामे ओळीने मांडली होती आणि ते वाक्य झाकून वाचले तरी काही उणे भासत नव्हते, म्हणून तिथे "वगळावे" एवढेच लिहिले. ऑर्डरच्या वाक्यापुढे "जसेच्या तसे ठेवावे" असे लिहिले. चांगल्या वाक्यावरही शेरा द्यावा लागतो, हे आम्ही याच कामात शिकलो.

तिसरा मसुदा असा आला: "चकलीची भाजणी आम्ही घरी करतो. तांदूळ, डाळी, धणे आणि जिरे वेगवेगळे भाजतो, कारण एकत्र भाजल्यास जिरे करपते आणि डाळ कच्ची राहते. ऑर्डर आठ दिवस आधी द्यावी." ताईंनी तो तसाच छापायला दिला.

दोन प्रकारचे शेरे मात्र नेमके दिसूनही फसवे ठरतात. "केवळ अमुक नाही, तर तमुक, अशी रचना नको" एवढेच कळवले, तर तीच रचना "फराळाच्या पलीकडे जाऊन" असे रूप घेऊन परत येते. म्हणून काय नको यासोबत त्या वाक्याने काय सांगावे, तेही लिहावे. दुसरा शेरा "अधिक तपशील द्या" हा आहे. तपशील आपण पुरवला नाही, तर एआय तो रचून देते. ताईंच्याच एका मसुद्यात "तीन पिढ्यांची परंपरा" असे आले होते, आणि त्यांचा व्यवसाय चार वर्षांचा आहे.

मसुद्यातील वाक्यांना आम्ही क्रमांक देऊन पाठवतो. शेरा लिहिताना क्रमांक, खटकलेला नेमका शब्द, तो का खटकला आणि त्या जागी येणारी माहिती, एवढे कळवावे. शेरा लिहून झाल्यावर तो घरातील दुसऱ्या कुणाला तरी द्यावा आणि कोणत्या शब्दाविषयी तो आहे ते मसुद्यावर बोटाने दाखवायला सांगावे. बोट दुसरीकडे गेले, तर शेरा आणखी नेमका करून मगच आमच्याकडे पाठवावा.