पांढऱ्या पेशी थोड्या उतरायलाच हव्यात

सिकल सेलच्या पेशंटला हायड्रॉक्सीयुरिया चालू होतं, महिन्याने सीबीसीचा रिपोर्ट येतो, त्यात पांढऱ्या पेशी आधीपेक्षा कमी दिसतात आणि घरचे घाबरून कॅप्सूल बंद करतात. गंमत म्हणजे त्या जरा उतराव्यात म्हणूनच तर डोस वाढवत नेतात!

सिकल सेलमध्ये ऑक्सिजन सोडून दिला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याच्या काड्या होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि पुढे रक्त पोचत नाही म्हणून हाडं ठणकतात, तोच क्रायसिस. पोटातल्या बाळाचं जे हिमोग्लोबिन असतं (एचबीएफ) ते या काड्या होऊ देत नाही, जन्मानंतर ते बनणं जवळपास थांबतं, हे औषध ते परत वाढवतं. शिवाय रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून वाट अडवणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. 1995 साली 299 मोठ्या पेशंटवरची ट्रायल आली, त्यात औषधवाल्यांना वर्षाला साधारण 2.5 क्रायसिस आले, नुसती खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांना 4.5.

आता डोसचं बघू. समजा पेशंट 50 किलोचा आहे. सुरुवात किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 750, पण कॅप्सूल 500 ची, मग एक दिवस एक आणि एक दिवस दोन असं द्यायचं. दर 4 आठवड्यांनी सीबीसी. त्यात बघायचं ते न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, नुसता एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा नाही. सुरुवातीला ते 7000 होते, 8 आठवड्यांनी 5000 झाले, म्हणजे अजून जागा आहे, डोस 20 वर न्या, रोज दोन कॅप्सूल. पुढच्या 8 आठवड्यांनी 4500, परत 5 ने वाढवा. आणि इथे न्यूट्रोफिल एकदम 900 वर आले, हे मात्र जास्तच झालं. औषध थांबवायचं, दर आठवड्याला रक्त तपासायचं, आकडा वर आला की आधीच्याच 20 वर परत सुरू. मधे ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही. न्यूट्रोफिल 2000 ते 4000 मध्ये राहिले आणि प्लेटलेट 80,000 च्या खाली गेले नाहीत की डोस बसला म्हणायचं, मग तपासणी 2-3 महिन्यांनी चालते. कितीही झालं तरी किलोमागे 35 च्या वर जात नाहीत.

एक गोष्ट लोकांना पटत नाही, ती म्हणजे दुखायला लागल्यावर ही कॅप्सूल घेऊन त्या दुखण्याला काही होत नाही. तिचा परिणाम दिसायला 3 ते 6 महिने लागतात, म्हणून बरं वाटत असतानाही रोज घ्यायची. बाळाचा विचार असेल तर, बाई असो की पुरुष, आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आणि कॅप्सूल खरंच पोटात जातेय का हे सीबीसीतच कळतं बरं का. औषध नीट चालू असलं की लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, त्यांचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही बहुतेकांचा चढतो, 85 चा 100 च्या आसपास जातो. चढलेला आकडा परत खाली यायला लागला की डॉक्टर डोस वाढवायच्या आधी विचारतात, "मधे किती दिवस चुकली?"